मॉनिटर परत आणण्याआधी ओव्हरड्राइव्ह एक पायरी खाली करून बघा

गेमिंग मॉनिटर घेऊन गेलेल्या गिऱ्हाइकाचा आठ-पंधरा दिवसांत फोन येतो. "भाऊ, गाडीच्या मागं पांढरी रेघ ओढल्यावानी दिसते, पीस खराब निघाला वाट्टे." मग खोका बांधून, एसटीत टाकून मॉनिटर दुकानात येतो. आम्ही मेन्यूतली एक सेटिंग बदलतो आणि तो परत जातो. ती फेरी वाचावी म्हणून हा कागद आता प्रत्येक खोक्यात टाकतो.

आधी लक्षण ओळखा. चालत्या वस्तूमागे तिचीच फिकट, पुसट सावली रेंगाळत असेल, तर पिक्सेल रंग बदलायला उशीर करत आहेत. पण मागची कड उलट्या रंगाची असेल, म्हणजे काळ्या गाडीमागे चमकदार पांढरट झालर किंवा उजळ वस्तूमागे काळपट पट्टा, तर पिक्सेल गरजेपेक्षा जोरात ढकलले जात आहेत. ही दुसरी तक्रार बहुतेक वेळा ओव्हरड्राइव्ह जास्त ठेवल्याने येते.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे पिक्सेल लवकर बदलावा म्हणून त्याला एका फ्रेमपुरता गरजेपेक्षा जास्त झटका देणे. १४४ हर्ट्झवर एक फ्रेम साधारण ७ मिलिसेकंद टिकते. तेवढ्यात पिक्सेल हव्या त्या छटेपर्यंत पोहोचतो आणि पुढच्या फ्रेमला झटका थांबतो. ६० हर्ट्झवर तीच फ्रेम जवळपास १७ मिलिसेकंद टिकते. झटका तेवढाच, पण दुपटीहून जास्त वेळ चालतो, म्हणून पिक्सेल ठिकाण ओलांडून पुढे जातो. तीच ती झालर.

नेमकी चूक इथेच होते. खोक्यावर १ मिलिसेकंद लिहिलेले असते, म्हणून पोरं मेन्यू उघडून सगळ्यात वरची पायरी लावतात. तो आकडा अनेकदा त्याच टोकाच्या पायरीवर मोजलेला असतो आणि त्या मोजमापात झालर धरलेलीच नसते. त्यामुळे आम्ही मॉनिटर मधल्या पायरीवर लावून देतो. "भाऊनं फास्ट मोड बंद ठेवला" असं कोणी म्हणालं तरी चालेल.

परवाचंच उदाहरण घ्या. १४४ हर्ट्झचा आयपीएस मॉनिटर, फ्रीसिंक चालू, ओव्हरड्राइव्ह सगळ्यात वर. गोळीबाराच्या हलक्या गेममध्ये १४४ फ्रेम मिळत होत्या, तिथे झालर जेमतेम दिसायची. मोटारींच्या जड गेममध्ये ग्राफिक्स कार्ड ५५ ते ६५ फ्रेमच देत होतं आणि फ्रीसिंकमुळे मॉनिटरही तेवढ्यावरच उतरायचा. राखाडी रस्त्यावर काळी गाडी पळाली की मागे लख्ख पांढरी कड. एक पायरी खाली आणल्यावर ती पुसट झाली, आणखी एक पायरी खाली आणल्यावर गेली. तिथे १४४ फ्रेमवर थोडी सावली वाढली, पण दोन्ही गेमसाठी एकच सेटिंग हवी असेल तर हीच बरी. काही मॉडेलांत दोन गेमसाठी वेगळे प्रोफाइल जतन करता येतात. तुमच्यात ती सोय असेल तर वापरा.

घरी करायचं ते असं. विंडोजमध्ये Advanced display उघडून रिफ्रेश रेट खरंच १४४ आहे ना, ते पाहा. नवीन मॉनिटर जोडल्यावर तो पुष्कळदा ६० वरच असतो. मग मॉनिटरच्या मेन्यूत Overdrive, Response Time किंवा Trace Free असं काही सापडेल, कंपनीनुसार नाव बदलतं. testufo.com/ghosting उघडा आणि पळणाऱ्या चित्रावरून नजर हलू न देता त्याच्या मागे मागे फिरवा. एका जागी डोळे रोखून काही कळत नाही. खालच्या पायरीपासून वर चढा. उलट्या रंगाची कड दिसली की एक पायरी मागे या. शेवटी तुमचा सगळ्यात जड गेम लावून खात्री करा, कारण कमी फ्रेमवरच खरी परीक्षा होते.

ही तपासणी मॉनिटर अर्धा तास चालू राहिल्यावरच करा. डिसेंबरच्या गारठ्यात सकाळी पडदा थंड असतो, पिक्सेल सुस्त असतात आणि सावली जास्त दिसते. तेव्हा पायरी वर नेली, तर मे महिन्यात त्याच पायरीवर झालर उमटेल.

व्हीए पॅनेलमध्ये काळ्या भागात जी काजळी पसरते, ती ओव्हरड्राइव्हने पूर्ण जात नाही. रात्रीच्या देखाव्याचे गेम खेळत असाल तर घेतानाच सांगा, आम्ही आयपीएस दाखवू. फरकाचे पैसे लागतील.

आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट पाठवू नका. झालर पॅनेलवर तयार होते, म्हणून स्क्रीनशॉटमध्ये ती येत नाही. स्क्रीनशॉटमध्येही दिसत असेल तर दोष गेमच्या सेटिंगमध्ये शोधा. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये काढलेला व्हिडिओ आणि ओव्हरड्राइव्हच्या मेन्यूचा फोटो पाठवा. आमच्याकडून घेतलेल्या मॉनिटरची सेटिंग फोनवर फुकट लावून देतो. दुसरीकडून घेतला असेल तर दुकानात आणा, थोडे पैसे घेऊ.