चार सेन्सर लावले, दिसतोय एकच: आयटूसी आणि एसपीआयमधला खरा फरक

निपाणीत माझ्या मावसभावाची तंबाखूची वखार आहे. मिरग लागला की हवेतला ओलावा वाढतो, थप्पीच्या आतल्या बाजूला बुरशी धरते आणि वरून हात लावून ते कळत नाही, म्हणून त्यानं ठरवलं की वखारीच्या चार कोपऱ्यात तापमान आणि दमटपणा मोजणारे सेन्सर लावायचे. मायक्रोकंट्रोलर घेतला, बीएमई२८० नावाचे चार सेन्सर मागवले, घरी टेबलावर जोडले आणि रात्री मला फोन, "दादा, चार लावलेत पण एकच दाखवतंय की!"

स्क्रीनवर सापडलेल्या सेन्सरचा पत्ता म्हणून फक्त 0x76 एवढंच येत होतं. वर तापमानही भलतंच, कधी ५१ अंश तर कधी उणे. त्याला वाटलं तीन सेन्सर मेलेले आले. खरं तर चारी चांगले होते.

बीएमई२८० ही चिप दोन भाषा बोलते, आयटूसी आणि एसपीआय. सीएसबी नावाची तिची एक पिन आहे, ती वर म्हणजे ३.३ व्होल्टला बांधली तर आयटूसी, आणि खाली ओढली तर एसपीआय. चिप तीच, मोजणं तेच, फक्त बोलायची पद्धत वेगळी. त्यामुळे दोन्हीतला फरक समजून घ्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आधी आयटूसी. फिलिप्स कंपनीनं ही पद्धत १९८२ साली काढली, टीव्हीच्या आतल्या चिप्सनी एकमेकींशी बोलावं म्हणून. सिग्नलच्या तारा दोनच, एसडीए वरून डेटा आणि एससीएल वरून घड्याळाचे ठोके. सगळे सेन्सर याच दोन तारांवर लटकतात, मग कुणाला बोलावलंय ते कळणार कसं, तर नंबरानं. मायक्रोकंट्रोलर आधी ७ बिटांचा पत्ता पाठवतो आणि ज्याचा तो पत्ता असेल तो सेन्सर तार खाली ओढून होय म्हणतो. पण हा पत्ता कारखान्यातूनच ठरून येतो. बीएमई२८० ला दोनच पत्ते शक्य आहेत, एसडीओ पिन जमिनीला म्हणजे ग्राउंडला जोडली तर 0x76 आणि वर जोडली तर 0x77. भावाच्या चारी मोड्यूलवर ती पिन खालीच होती, म्हणजे चौघांचं घर एकच. पोस्टमननं हाक मारली की चौघं दारात.

आता चौघं एकदम बोलले तर गोंधळ होऊन काहीच ऐकू यायला नको का? तसं होत नाही, आणि फसगत इथंच होते. आयटूसीची तार रेझिस्टरनं वर खेचून ठेवलेली असते आणि चिपला फक्त ती खाली ओढता येते, वर ढकलता येत नाही. कुणीही एकानं ओढली की ती खालीच. त्यामुळे पहिला सेन्सर 01010000 म्हणाला आणि दुसरा 01101111, तर तारेवर येतं 01000000, म्हणजे ८० आणि १११ ची भेसळ होऊन ६४. मायक्रोकंट्रोलरला यात काहीच चुकीचं दिसत नाही कारण होकार तर मिळाला, आठ बिटंही आली. वरून प्रत्येक बीएमई२८० च्या पोटात त्याचे स्वतःचे कॅलिब्रेशनचे आकडे असतात, ते सुरुवातीलाच वाचावे लागतात, आणि तेही असेच भेसळ होऊन आले, म्हणून ५१ अंश. हे ओळखायची सोपी खूण म्हणजे एकेक सेन्सर काढत जायचं. एकच उरला आणि आकडा एकदम सरळ झाला तर भांडण पत्त्याचंच आहे.

दोन सेन्सरची एसडीओ पिन वर बांधून दोन 0x76 आणि दोन 0x77 केले तरी चार काही बसत नाहीत. भाऊ म्हणाला मग एसपीआयच करूया की.

एसपीआय मोटोरोलाची पद्धत. तिच्यात पत्ता नावाचा प्रकारच नाही. घड्याळाची एक तार, जायची एक, यायची एक आणि प्रत्येक सेन्सरला स्वतःची एक निवड-तार, जिला चिप सिलेक्ट म्हणतात. ज्याची ती तार खाली ओढली तो बोलणार, बाकीचे गप्प. एकाच जातीचे दहा सेन्सर असले तरी भांडण नाही, फक्त मायक्रोकंट्रोलरच्या दहा पिना जातात. चार सेन्सरला ३ आणि ४ मिळून ७ सिग्नल, तर आयटूसीला दोनच. वखारीच्या कोपऱ्यापर्यंत केबल टाकायची तर आयटूसीला पॉवर धरून ४ कोरची पुरते, एसपीआयला ६ कोरची लागते.

आणि एसपीआयची एक गोष्ट मला खटकते, ती म्हणजे तिच्यात होकारच नाही. आयटूसीत सेन्सर नसेल तर उत्तर येत नाही आणि लगेच कळतं. एसपीआयत उंदरानं तार कुरतडली तरी मायक्रोकंट्रोलर वाचतच राहतो, सगळे 0x00 नाहीतर सगळे 0xFF. म्हणून एसपीआय वापरताना चिपचा ओळख क्रमांक दर थोड्या वेळानं वाचायची सवय ठेवावी. बीएमई२८० मध्ये 0xD0 या जागेवर 0x60 मिळायला पाहिजे. 0x58 आला तर ती बीएमपी२८० आहे, जिला दमटपणा मोजताच येत नाही. दिसायला दोन्ही मोड्यूल जवळजवळ सारखीच, त्यामुळे विकत घेतल्या घेतल्या हे एकदा तपासाच.

वेगाचं काय, हा प्रश्न भावानंही विचारलाच. एसपीआय खूप जलद आहे हे खरंय, बीएमई२८० एसपीआयवर १० मेगाहर्ट्झपर्यंत चालते आणि आयटूसी साधारणपणे १०० किंवा ४०० किलोहर्ट्झवर चालवतात. पण तंबाखूचा ओलावा मिनिटाला एकदा बघायचाय. एका वाचनाला आयटूसीवर १०० किलोहर्ट्झला साधारण १ मिलीसेकंद लागतो. उरलेल्या वेळात दोन्ही रिकामेच बसणार, मग तिथं वेगासाठी जास्तीच्या तारा ओढण्यात अर्थ नाही.

वेग कुठं लागतो ते बेळगावात उद्यमबागला माझ्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये दिसलं. त्याला लेथच्या बेअरिंगची थरथर मोजायची होती, एडीएक्सएल३४५ हा सेन्सर लावून, सेकंदाला ३२०० वेळा. म्हणजे दोन वाचनांच्या मधे ३१२ मायक्रोसेकंद. आयटूसीत प्रत्येक बाइटला ८ बिटं आणि होकाराचं १ अशी ९ जातात. एका वाचनात पत्ता, जागेचा नंबर, परत पत्ता आणि ६ बाइट डेटा, एकूण ९ बाइट, म्हणजे ८१ बिटं आणि सुरू-बंद करायचं थोडं, धरा ८४. ४०० किलोहर्ट्झला झाले २१० मायक्रोसेकंद. कागदावर बसतंय असं वाटतं, पण मधे मायक्रोकंट्रोलरला बाकीचंही काम असतं, जरा उशीर झाला की सँपल गेलं, आणि चिपच्या डेटाशीटमध्येच लिहिलंय की ४०० किलोहर्ट्झ आयटूसीवर सेकंदाला ८०० च्या वर जाऊ नका. एसपीआयवर तेच वाचन ७ बाइट, ५६ बिटं, ५ मेगाहर्ट्झला ११ मायक्रोसेकंदांच्या आसपास. तिथं मी डोळे झाकून एसपीआय सांगितलं, केबलही वीतभरच होती. एकच भानगड झाली, घड्याळाचा मोड, म्हणजे ठोक्याच्या कुठल्या कडेला बिट वाचायचं ते, चुकीचा लावला होता, एडीएक्सएल३४५ ला मोड ३ लागतो, आणि चुकला की आकडे एक बिट सरकून कचरा येतात.

वखारीला मात्र आम्ही आयटूसीच ठेवलं आणि मधे टीसीए९५४८ए ही चिप घातली. ती म्हणजे आठ फाटे असलेला रेल्वेचा सांधा. तिला एक बाइट पाठवला की तेवढाच फाटा उघडतो, बाकीचे बंद, त्यामुळे चौघंही 0x76 असले तरी एका वेळी एकच दारात येतो.

```
Wire.beginTransmission(0x70);
Wire.write(1 << 2);
Wire.endTransmission();
```

0x70 हा सांध्याचा स्वतःचा पत्ता. यात दोन नंबरचा फाटा उघडला, शून्यापासून मोजायचं. टेबलावर चारी सेन्सर झकास चालले. वखारीत ३ मीटरच्या केबली टाकल्या आणि परत आकडे गळायला लागले.

कारण तारेची धारकता. दोन तारा शेजारी शेजारी धावल्या की त्यांच्यात थोडा चार्ज साठतो, साध्या केबलला मीटरमागे ५० ते १०० पिकोफॅरड, मी ७० धरले. ३ मीटरचे २१०, बाकी चिपा आणि बोर्ड मिळून २७० म्हणा. तार खाली ओढायचं काम चिप झटक्यात करते पण वर यायचं काम एकट्या रेझिस्टरचं, आणि त्याला हा सगळा चार्ज भरायला वेळ लागतो. तो वेळ असा काढतात, R म्हणजे रेझिस्टर आणि C म्हणजे ही धारकता:

```
t = 0.8473 × R × C
```

मोड्यूलवर १० हजार ओहम, सांध्याच्या बोर्डावर १० हजार, फाटा उघडला की दोन्ही समांतर होऊन ५ हजार. म्हणजे वेळ १.१४ मायक्रोसेकंद. १०० किलोहर्ट्झला परवानगी १ मायक्रोसेकंदाची आणि ४०० ला फक्त ०.३ ची. आणि भावाच्या प्रोग्राममध्ये घड्याळ ४०० वर होतं! ऑसिलोस्कोपवर बघितलं तर चौकोनी लाट दिसायच्या जागी कोयत्याच्या पाठीसारखी वाकत वर चढणारी रेघ होती, वर पोचायच्या आतच पुढचा ठोका येत होता.

मग घड्याळ १०० वर आणलं आणि प्रत्येक फाट्यावर २.२ किलोओहमचे दोन रेझिस्टर जास्तीचे लावले, एक एसडीए आणि एक एससीएलला. मिळून साधारण दीड किलोओहम, वेळ ०.३५ मायक्रोसेकंद. अजून कमी केलं असतं तर चालतंय असं नाही, कारण तार खाली ओढताना चिपला ३ मिलीअँपच्या आत राहायचं असतं, ३.३ व्होल्टला हजार ओहमच्या खाली गेलं की ते सुटतं. सांधा नसता तर चार केबलींचे १२ मीटर एकाच बसवर म्हणजे त्याच दोन सामाईक तारांवर आले असते, ८४० पिकोफॅरड, आणि आयटूसीची मर्यादाच ४०० ची. सांध्यानं पत्त्याचं भांडण मिटवलं आणि केबलीही वेगळ्या केल्या, हा त्याचा दुसरा फायदा बरेचजण लक्षातच घेत नाहीत. केबल २०-३० मीटर लागणार असेल तर मात्र आयटूसी नको आणि एसपीआयही नको, दोन्ही बोर्डावरच्या अंतरासाठी आहेत, तिथं लांबच्या केबलींसाठीची आरएस-४८५ ही पद्धत घ्या.

एक त्रास नंतर आला. लाईट झपकन जाऊन आली की मायक्रोकंट्रोलर परत सुरू व्हायचा पण सेन्सर कपॅसिटरवर जिवंतच राहायचा, अर्धा बाइट तोंडात धरून एसडीए खाली ओढून बसलेला, आणि पूर्ण बस अडकायची. एसपीआयत हे होत नाही, निवड-तार वर गेली की चिप सगळं विसरते. आयटूसीत मात्र मायक्रोकंट्रोलरनं सुरू होताना एससीएलवर ९ ठोके द्यायचे म्हणजे सेन्सर उरलेली बिटं ओकून तार सोडतो. आमच्याकडे सांधा मधे असल्यामुळे आधी त्याची रिसेट पिन क्षणभर खाली ओढतो, सगळे फाटे सुटतात, मग एकेक फाटा उघडून ९ ठोके, मग 0xD0 वाचून 0x60 येतो का बघायचं. जो फाटा उत्तर देत नाही तो सोडून बाकीचे तीन चालू राहतात आणि भावाच्या फोनवर त्या कोपऱ्याचा नंबर जातो.