चौरंगीपासून परसबागेपर्यंत: आफ्रिकन शंखी गोगलगाय आली कशी आणि फोटोत ओळखायची कशी

विल्यम हेन्री बेन्सन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला मुलकी अधिकारी. त्याला शंखशिंपल्यांचा भारी नाद, आणि भारतातल्या कितीतरी गोगलगायींना पहिली शास्त्रीय नावं त्यानेच दिलेली. १८४७ साली तो मॉरिशसहून एक मोठी आफ्रिकन गोगलगाय जिवंत घेऊन कोलकात्याला आला, आणि ती चौरंगीतल्या एका बागेत सोडली गेली. आज महाराष्ट्रात पपईच्या बुंध्यावर, कुंडीखाली किंवा कुंपणाच्या भिंतीवर दिसणाऱ्या मोठ्या तपकिरी गोगलगायीचा भारतातला इतिहास तिथून सुरू होतो. ज्या माणसाला गोगलगायी सर्वांत चांगल्या ओळखता येत होत्या, त्याच्याच हातून ती आली, हे विसरून चालत नाही. ती काय आहे हे बेन्सनला पक्कं ठाऊक होतं. ती पुढे काय करेल, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिचं मूळ घर पूर्व आफ्रिकेचा किनारा, म्हणजे केनिया आणि टांझानियाचा पट्टा. तिथून मादागास्कर, मग मॉरिशस आणि आसपासची बेटं, मग भारत आणि श्रीलंका, पुढे आग्नेय आशिया आणि पॅसिफिक बेटं असा तिचा प्रवास झाला. स्वतःच्या पायाने ती एका रात्रीत काही मीटरच सरकते. समुद्र ओलांडले ते माणसांनी नेली म्हणून: कधी खाण्यासाठी, कधी औषध म्हणून, कधी नुसती हौस म्हणून, आणि बहुतेक वेळा रोपांच्या मातीतून नकळत. शास्त्रज्ञ तिला आधी अकॅटिना फुलिका म्हणत, आता लिसाकॅटिना फुलिका म्हणतात. जुन्या पुस्तकांत पहिलं आणि नव्या संकेतस्थळांवर दुसरं नाव दिसतं. प्राणी एकच.

नकळत किंवा हौसेने सोडलेल्या चार-दोन गोगलगायींचं काय होतं, याची सर्वांत नीट नोंद फ्लोरिडात झाली. १९६६ मध्ये एका मुलाने हवाईहून तीन गोगलगायी मायामीला आणल्या आणि त्याच्या आजीने त्या बागेत सोडल्या. सात वर्षांनी तिथून १८,००० च्या वर गोगलगायी गोळा कराव्या लागल्या, आणि त्या संपल्याची घोषणा १९७५ मध्ये झाली. २०११ मध्ये त्याच भागात त्या पुन्हा सापडल्या. ती दुसरी मोहीम संपायला २०२१ उजाडलं, आणि पुढच्याच वर्षी फ्लोरिडाच्या दुसऱ्या एका भागात त्या परत दिसल्या. कारण साधं आहे. ही गोगलगाय उभयलिंगी असते. समागमानंतर ती शुक्राणू साठवून ठेवते, त्यामुळे बागेत आलेली एकटी गोगलगायसुद्धा पुढे अनेकदा अंडी घालू शकते. एका खेपेला साधारण १०० ते ४०० अंडी, तीही मातीत पुरलेली.

चुकीच्या उपायाचा इतिहास याहून वाईट आहे. हवाईत हिला खायला म्हणून १९५५ मध्ये एक मांसाहारी गोगलगाय आणून सोडली. तिला गुलाबी लांडगी गोगलगाय म्हणतात. तीच पुढे ताहिती आणि मूरियासारख्या बेटांवर नेली. तिने मोठ्या गोगलगायीकडे फारसं लक्ष दिलं नाही आणि तिथल्या छोट्या देशी गोगलगायी संपवल्या. मूरियावरच्या पार्टुला गटातल्या जवळपास सगळ्या जाती १९८७ पर्यंत जंगलातून नाहीशा झाल्या. म्हणून 'दिसली गोगलगाय की चिरड' हा सल्ला आम्हाला पटत नाही. आपल्या बागेतल्या बऱ्याच गोगलगायी देशी आहेत, सडका पाला खाऊन जगतात आणि भाजीला त्यांचा उपद्रव नगण्य असतो.

महाराष्ट्रात हा विषय शहरी बागेतून शेताच्या बांधावर आला तो मराठवाड्यात. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सोयाबीन उगवून येताच शंखी गोगलगायींनी कोवळी रोपं खाल्ली. कित्येकांवर दुबार पेरणीची वेळ आली. पंचनामे झाले आणि सरकारला मदत जाहीर करावी लागली. शेतकरी शंख असलेल्या गोगलगायीला 'शंखी' आणि शंख नसलेलीला 'शेंबी' म्हणतात. ही विभागणी फोटो ओळखतानाही पहिली पायरी म्हणून चांगलीच उपयोगी पडते.

फोटोवरून ओळख बहुतेक वेळा चुकते ती आकारावरून. 'केवढी मोठी आहे, म्हणजे आफ्रिकनच' आणि 'छोटी आहे, म्हणजे साधीच', ही दोन्ही विधानं कामाची नाहीत. पूर्ण वाढलेल्या आफ्रिकन गोगलगायीचा शंख साधारण ५ ते १० सेंटिमीटर लांब असतो आणि क्वचित २० पर्यंत जातो. पण बागेत सापडणारी बहुतेक पिल्लं असतात, आणि त्यांचाच बंदोबस्त वेळेवर व्हायला हवा. शिवाय फोटोत माप कळत नाही. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा. त्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे, त्यावरून पाहणाऱ्याला अंदाज येतो.

फोटो दोन हवेत. पहिला पाठीकडून, जशी ती चालत असते तसा. दुसरा शंखाच्या तोंडाकडून: टोक वर, तोंड आपल्याकडे. लोक पहिलाच पाठवतात आणि खरी खूण दुसऱ्यात असते. या स्थितीत तोंड उजवीकडे असेल तर शंख उजवा, डावीकडे असेल तर डावा. आफ्रिकन जवळपास नेहमी उजवी. पश्चिम घाटात आणि मुंबईच्या आसपास एरिओफांटा गटातली एक देशी गोगलगाय सापडते, तिचा शंख डावा असतो. शंख डावा दिसला की आफ्रिकनची शक्यता जवळजवळ संपते. मात्र मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो अनेकदा आरशासारखा उलटा साठवला जातो आणि उजवा शंख डावा दिसतो. त्यामुळे फोटो मागच्या कॅमेऱ्यानेच काढावा.

एक उदाहरण घेऊ. ठाण्याच्या एखाद्या सोसायटीच्या बागेतून शेवग्याच्या बुंध्यावरच्या गोगलगायीचे असे दोन फोटो आले. शंख नाण्यापेक्षा थोडा लांब, म्हणजे तीनेक सेंटिमीटर. आधी रंग पाहू. फिकट बदामी शंखावर तपकिरी पट्टे आहेत, पण पट्टे कुठल्या दिशेने जातात हे महत्त्वाचं. आपल्याकडच्या काही देशी गोगलगायींवर एक-दोन गडद रेषा वेटोळ्याबरोबर गोल फिरतात. इथे पट्टे वेटोळ्याला छेदून, टोकाकडून तोंडाकडे उभे आणि काहीसे नागमोडी उतरतात. हे आफ्रिकनकडे बोट दाखवतं, पण एवढ्यावर निकाल द्यायचा नाही. आता तोंडाकडचा फोटो मोठा करून पाहू. तोंडाच्या आतल्या बाजूला शंखाचा मधला दांडा खाली उतरतो. बहुतेक गोगलगायींत तो बाहेरच्या काठाला वळण घेऊन मिळतो. इथे तो पांढरट आहे आणि खाली काठाला मिळण्याआधीच कात्रीने कापल्यासारखा थांबतो, तिथे एक छोटी खाच पडते. ही छाटलेल्या दांड्याची खूण पिल्लांतही दिसते. तळाशी दांड्याच्या शेजारी छिद्रही नाही. दोन्ही खुणा जुळल्या, तर हे आफ्रिकन गोगलगायीचं पिल्लू आहे असं खात्रीने म्हणता येतं.

याच बागेत तिच्याशी गफलत होणाऱ्या आणखी काही असतात. मॅक्रोक्लॅमिस ही चपटी, काचेसारखी चकचकीत, पिवळसर तपकिरी. शंख दोनेक सेंटिमीटर रुंद, आणि तळाशी बारीक छिद्र. दुसरी अलोपियास: सुईसारखी निमुळती, जेमतेम एक सेंटिमीटर, कुंडीच्या मातीत हमखास सापडणारी. हिला लोक 'आफ्रिकनचं पिल्लू' समजून घाबरतात. इथे वेटोळी मोजावीत. एक सेंटिमीटर लांबीत सात-आठ वेटोळी असतील तर ती वाढ झालेली अलोपियास आहे. तेवढ्याच लांबीच्या आफ्रिकन पिल्लाला चारेकच वेटोळी असतात आणि ते फुगीर दिसतं. तिसरी पायला, तळ्यातली आणि भातखाचरातली गोल गोगलगाय. आत शिरली की ती तोंडावर कठीण झाकण लावते. आफ्रिकनला असं झाकण नसतं. कोरड्या दिवसांत ती तोंडावर फक्त पातळ, पांढरट पापुद्रा तयार करते. उन्हात पडलेला रिकामा शंखही फसवतो, कारण वरचा तपकिरी थर उडाला की तो पांढुरका होतो आणि समुद्राकाठचा शंख वाटतो. तेव्हाही दांडाच पाहावा.

अंड्यातून नुकत्या निघालेल्या पिल्लाबद्दल मात्र फोटोवरून काही सांगता येत नाही. चार-पाच मिलिमीटरचा गोलसर, पातळ शंख, पट्टे अस्पष्ट. अशा वेळी 'सांगता येत नाही, आसपास मोठी शोधा' हेच खरं उत्तर.

शेंबीचं थोडक्यात. शंख गळून पडलेली गोगलगाय म्हणजे शेंबी नव्हे. शंख तुटून निघाला तर गोगलगाय मरते. बागेत सर्वांत जास्त दिसणारी काळी, चपटी, चामड्यासारखी आणि पाठीच्या मधोमध फिकट रेघ असलेली शेंबी ही लेविकॉलिस. तीही मूळची आफ्रिकेतलीच. पाठीवर कातडीची वेगळी झूल नाही आणि झुलीत उजवीकडे श्वासाचं छिद्र नाही, यावरून ती ओळखू येते. घाटातली देशी मारियेला असेल तर पाठीवर मोठी झूल आणि हे छिद्र स्पष्ट दिसतं.

ओळख पटली की उघड्या हाताने उचलू नये. हातमोजे किंवा चिमटा वापरावा. या गोगलगायींत उंदरांच्या फुफ्फुसातल्या एका कृमीच्या अळ्या असू शकतात, आणि त्या माणसाच्या पोटात गेल्या तर मेंदूच्या आवरणाला सूज येते. धोका आहे तो कच्ची किंवा अर्धवट शिजलेली गोगलगाय खाण्यात आणि न धुतलेल्या पालेभाजीत. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट बागेत पसरून ठेवलं की रात्री त्या खाली जमतात. सकाळी लवकर वेचून मिठाच्या किंवा साबणाच्या दाट पाण्यात बुडवाव्यात आणि चुना घालून खोल पुराव्यात. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या शेतात चालतात, पण कुत्रं असलेल्या घराच्या बागेत टाकू नयेत. कुत्री त्या आवडीने खातात आणि मरूही शकतात. रिकामे शंखही तसेच सोडू नयेत, त्यात पाणी साचून डास होतात. आणि गोगलगाय सापडली त्या जागेची माती दोन-तीन इंच उकरून बघावी: साबुदाण्याएवढी, पिवळसर पांढरी अंडी एकत्र दिसली, तर तीही त्याच पाण्यात टाकावीत.