कागदनिर्मिती : उगम व प्रसार

वनस्पतीचे तंतू भिजवून व कुटून पाण्यात सुटे करणे, तो लगदा चाळणीवर घेऊन पाणी निथळू देणे आणि वर उरलेला पातळ थर वाळवून ताव काढणे, या कृतीस कागदनिर्मिती म्हणतात. पपायरसमध्ये त्याच नावाच्या पाणवनस्पतीच्या गाभ्याच्या पट्ट्या आडव्याउभ्या रचून दाबतात. भूर्जपत्र व ताडपत्र तर झाडाचे जसे मिळते तसेच घोटून वापरतात. त्यांपैकी कशातही तंतू सुटे होत नसल्याने त्यांची गणना कागदात होत नाही.

चिनी इतिहासग्रंथानुसार त्साइ लुन या दरबारी अधिकाऱ्याने इ. स. १०५ मध्ये झाडाची साल, हेंप या तंतू देणाऱ्या वनस्पतीचा टाकाऊ भाग, चिंध्या व मासेमारीची जुनी जाळी यांपासून केलेला कागद सम्राटास सादर केला. मात्र कान्सू प्रांतातील फांगमातान येथे १९८६ मध्ये एका थडग्यात नकाशाच्या रेषा असलेला कागदाचा तुकडा सापडला असून तो सामान्यतः इ. स. पू. दुसऱ्या शतकातील मानतात. म्हणून त्साइ लुन हा शोधकर्ता नसून चालू कृती सुधारणारा व तिला राजमान्यता मिळवून देणारा असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

आरंभीचा साचा म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेले कापड असावे. तो पाण्यावर तरंगत ठेवून त्यात लगदा ओततात आणि ताव त्यावरच वाळू देतात. तोवर साचा अडकून पडतो. पुढे बांबूच्या बारीक काड्यांची सुटी चटई आली. ती लगद्यात बुडवून उचलली, की ओला ताव लगेच गड्डीवर उलटता येतो आणि एकाच साच्यावर एकामागून एक ताव निघतात. ताव उजेडासमोर धरल्यास हा फरक ओळखता येतो : पहिल्यात कापडाची वीण उमटते, तर दुसऱ्यात समांतर रेषा दिसतात.

पश्चिमेकडील प्रसाराविषयी एक कथा रूढ आहे. ७५१ मध्ये तलास नदीकाठच्या लढाईत अरबांनी पकडलेल्या चिनी कैद्यांनी मध्य आशियातील समरकंदला कागद करण्याची विद्या नेली, असे ती सांगते. तिचा मुख्य आधार असलेला सआलिबी हा लेखक लढाईनंतर सुमारे अडीच शतकांनी लिहितो. त्या लढाईत पकडला गेलेला व ७६२ मध्ये मायदेशी परतलेला डू ह्वान हा चिनी मनुष्य अरबांच्या मुलखातील चिनी विणकर, सोनार व चित्रकार यांचा उल्लेख करतो. कागद करणाऱ्यांचा करीत नाही. शिवाय १९०७ मध्ये ऑरेल स्टाइन यांना डुनह्वांगच्या पश्चिमेस एका टेहळणी बुरुजात समरकंदच्या परिसरातील सोग्दी व्यापाऱ्यांची कागदावरील पत्रे सापडली. त्यांतील एक पत्र रेशमात गुंडाळून वर जाड्याभरड्या कापडाचे वेष्टन घातलेले होते आणि वेष्टनावर समरकंदचा पत्ता होता. ही पत्रे दुसऱ्या शतकाच्या अखेरची असल्याचेही एक मत होते, परंतु इ. स. ३१३ च्या सुमाराचा काळ आज बहुतेक अभ्यासक स्वीकारतात. म्हणजे समरकंदचे व्यापारी तलासच्या निदान चार शतके आधीपासून कागदावर लिहीत होते. कैद्यांची कथा निखालस खोटी म्हणता येत नसली, तरी व्यापारी व बौद्ध भिक्षू यांच्या हातून ही विद्या टप्प्याटप्प्याने सरकली, हेच संभवनीय दिसते.

या प्रवासात कच्चा माल बदलला. कागदी तुतीची साल पश्चिमेस सहज मिळेना, तेव्हा जवसाच्या कापडाच्या चिंध्या व हेंपचे जुने दोर वापरात आले. अरबी कागद कच्च्या कापसाचा असतो, असा समज यूरोपात दीर्घकाळ होता. १८८०–९० च्या दशकात व्हिएन्नाचे वनस्पतिशास्त्रज्ञ व्हीसनर यांनी ईजिप्तमधील जुने कागद सूक्ष्मदर्शकाखाली तपासून तो खोडून काढला. त्यांना चिंध्यांचे तंतू आढळले, तसेच पिष्टाची खळही आढळली. चिनी कुंचल्याने हलक्या हाताने लिहिण्यास मऊ कागद चालतो. अरबांच्या बोरूचे टोक मात्र त्यावर अडते आणि शाई फुटते. म्हणून कागदाला खळ देऊन तो गुळगुळीत दगडाने घोटणे आवश्यक ठरले. खळीला कसर लागते, हा तिचा मोठा दोष. इटलीतील फाब्रिआनोच्या कारागिरांनी तेराव्या शतकात पिष्टाऐवजी जनावरांच्या कातड्यापासून काढलेला सरस योजला. आयोडीनचा थेंब टाकल्यावर कागद निळा पडला, तर त्यात पिष्ट आहे असे समजतात.

आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये कागद तयार होऊ लागला. चर्मपत्रावरील मजकूर खरवडून बदलता येतो, कागदावर तसे केल्यास खूण राहते. म्हणून सरकारी दप्तरांनी कागद पसंत केला, असे अरबी लेखक सांगतात. बाराव्या शतकात स्पेनमधील हातिवाचा कागद प्रसिद्ध होता.

भारतात पंधराव्या शतकात काश्मीरचा सुलतान झैनुल आबिदीन याने समरकंदहून कारागीर आणविल्याची परंपरा आहे. महाराष्ट्रात दौलताबादजवळील कागजीपुरा व जुन्नर ही हातकागदाची जुनी केंद्रे असून मराठेशाहीतील दप्तरांत जुन्नरी व दौलताबादी कागद आढळतो.