चिलीला माल पाठवताय? स्पॅनिश इनव्हॉइस, शिपिंगच्या अटी आणि कस्टमचे शब्द कसे वाचायचे

सोलापुरी टॉवेलची एक छोटी ऑर्डर चिलीला जातेय, एवढंच उदाहरण धरून सांगतो. स्पॅनिशमध्ये कारभार चालणारे देश वीसच्या आसपास आहेत आणि कस्टमचे शब्द जागोजागी बदलतात. मेक्सिकोत आयातीचा जो कागद पेदिमेंतो, त्याला चिलीत देक्लारासिओन दे इन्ग्रेसो म्हणतात, थोडक्यात DIN, उच्चार दिन. हा कागद आपण भरत नाही, तो गिऱ्हाइकाचा आहेन्ते दे आदुआना म्हणजे तिथला कस्टम एजंट भरतो, पण भरतो तो आपण पाठवलेल्या कागदांवरून, त्यामुळे आपण जे लिहू तेच त्यात उतरतं. (आदुआना म्हणजे कस्टम. हा शब्द अरबीतल्या दिवाणवरून स्पॅनिशमध्ये गेला, म्हणजे आपल्याकडच्या दिवाणजींचा लांबचा नातेवाईक. हे कळल्यापासून मी तो शब्द कधी विसरलो नाही.)

आधी आपल्या बाजूची पात्रता पटकन. पॅनवर निघालेला आयईसी म्हणजे आयात-निर्यातीचा कोड पाहिजे, तो डीजीएफटी या परकीय व्यापाराच्या सरकारी खात्याच्या साइटवर ऑनलाइन मिळतो, ५०० रुपये फी आहे, आणि दरवर्षी एप्रिल ते जून दरम्यान तो अपडेट करावा लागतो, काही बदल नसला तरी करायचा, नाहीतर बंद पडतो. मग बँकेचा एडी कोड कस्टमच्या आइसगेट पोर्टलवर नोंदवायचा. जीएसटी न भरता माल पाठवायचा असेल तर त्या आर्थिक वर्षाचं एलयूटी म्हणजे हमीपत्र भरलेलं पाहिजे. एवढं झालं की सीएचए म्हणजे आपला इथला कस्टम एजंट शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टमचा कागद, भरू शकतो. आता मुख्य गोष्ट, इनव्हॉइस.

मी दोन भाषांत करतो, इंग्रजी ओळ आणि तिच्याखाली स्पॅनिश, कारण तोच कागद इथल्या कस्टमलाही दाखवायचा असतो. स्पॅनिश भाग साधारण असा:

```
FACTURA COMERCIAL N.º 014        Fecha: 24-02-2025
4000 toallas de baño, tejido con bucles del tipo
toalla, 100% algodón, 70 x 140 cm, nuevas, sin uso
SA 6302.60
Precio unitario: USD 2.85
Importe total: USD 11400.00
SON: once mil cuatrocientos dólares estadounidenses
Condición de venta: FOB Nhava Sheva, Incoterms 2020
Flete: por cobrar
Forma de pago: 30% anticipo, saldo a 60 días fecha B/L
País de origen: India
80 bultos (cajas)
Peso neto: 1600 kg    Peso bruto: 1696 kg
```

पहिला फसवा शब्द इम्पोर्ते. दिसतो इम्पोर्टसारखा, पण अर्थ आहे रक्कम. इम्पोर्ते तोताल म्हणजे एकूण रक्कम, आयातीशी त्याचा काही संबंध नाही.

आता आकडे, आणि इथे जरा थांबा. चिलीत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात आणि हजारासाठी टिंब, म्हणजे आपल्या बरोबर उलटं. आपण 11,400 लिहिलं की तिथल्या सवयीच्या डोळ्याला ते अकरा दशांश चार दिसतं, आणि गिऱ्हाइकाने ऑर्डरमध्ये 2,850 असा दर लिहिला असेल तर तो दोन डॉलर पंच्याऐंशी सेंटच असतो, अठ्ठावीसशे पन्नास नाही. मेक्सिको आणि पेरूमध्ये मात्र आपल्यासारखंच दशांशाला टिंब चालतं, म्हणून स्पॅनिश आहे म्हणजे उलटं असणार असंही धरता येत नाही. मी हजाराचं चिन्ह टाकतच नाही, सरळ 11400.00 लिहितो, आणि खाली सोन या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत रक्कम अक्षरी लिहितो. अजून एक, नुसतं डॉलरचं चिन्ह टाकू नका, चिलीत तेच चिन्ह पेसोसाठी वापरतात. प्रत्येक रकमेपुढे यूएसडी पाहिजे.

पैसे कधी येणार ही ओळ सगळ्यात जपून वाचायची. आन्तिसिपो म्हणजे आगाऊ, साल्दो म्हणजे उरलेली रक्कम, आपल्या केसमध्ये ३४२० डॉलर आधी आणि ७९८० नंतर. ते नंतर म्हणजे नक्की कधी हे पुढच्या दोन-तीन शब्दांत असतं. दिवस साठच, पण मोजायला सुरुवात कुठून? समजा इनव्हॉइस २४ फेब्रुवारीचं, बिल ऑफ लेडिंग म्हणजे बी एल, जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती, १० मार्चचं, आणि माल गिऱ्हाइकाच्या गोडाउनला २ मेला पोचला. फेचा दे फाक्तुरा म्हणजे इनव्हॉइसची तारीख लिहिलं असेल तर पैसे २५ एप्रिलला द्यायचे. फेचा बी एल असेल तर ९ मे. आणि रेसेप्सिओन दे ला मेर्कादेरिया म्हणजे माल मिळाल्यापासून असेल तर १ जुलै, शिवाय माल मिळाल्याची तारीख गिऱ्हाइकच सांगणार. सव्वादोन महिन्यांचा फरक आहे हा, आणि छोट्या व्यापाऱ्याचं खेळतं भांडवल तेवढ्यातच अडकतं. म्हणून ऑर्डरमध्ये रेसेप्सिओन हा शब्द दिसला की मी तिथेच मेल करून बी एलची तारीख मागतो, कारण ती तारीख कागदावर छापलेली असते, वाद होत नाही. आ ला विस्ता दिसलं तर अर्थ दाखवल्याबरोबर पैसे, पण सेसेंता दीआस विस्ता म्हणजे कागद दाखवल्यापासून साठ दिवस, इथे घाईत फसायला होतं.

शिपिंगची अट. खर्च आणि जोखीम कुठपर्यंत कुणाची हे सांगणाऱ्या इन्कोटर्म्सची तीन अक्षरं स्पॅनिशमध्येही तीच राहतात, भाषांतर फक्त पूर्ण नावाचं होतं. फ्रांको आ बोर्दो किंवा लिब्रे आ बोर्दो म्हणजे एफओबी, जहाजावर चढवेपर्यंत आपलं, कोस्तो सेगुरो इ फ्लेते म्हणजे सीआयएफ, विमा आणि भाडं धरून, एन फाब्रिका म्हणजे एक्स वर्क्स, कारखान्याच्या दारातच माल दिला. एफओबीपुढे माल चढवायच्या बंदराचं नाव येतं आणि सीआयएफपुढे उतरवायच्या, म्हणून एफओबीपुढे सान आन्तोनियो हे चिलीचं बंदर कुणी लिहिलं तर आधी विचारून घ्या, त्याला भाडं आपल्याकडून हवं असण्याची शक्यता आहे. फ्लेते पोर कोब्रार म्हणजे भाडं तिकडे वसूल करायचं, एफओबीशी हे जुळतं. इनव्हॉइसवर एफओबी आणि बी एलवर फ्लेते प्रेपागादो म्हणजे भाडं भरलेलं, अशी जोडी असेल तर तिथला एजंट विचारणारच की मग भाडं कुणी दिलं, कारण त्याला ते किमतीत धरायचं असतं.

माझं स्पष्ट मत, ऐंशी खोक्यांसारखा सुटा माल असेल तर एफओबीपेक्षा एफसीए बरं. आपला माल सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर भरायच्या गोडाउनला, दिला की इतरांच्या मालाबरोबर कंटेनरमध्ये भरला जातो, आपल्या हातात काही राहत नाही, पण एफओबीमध्ये जहाजावर चढेपर्यंत जोखीम आपलीच. एफसीएमध्ये ठरलेल्या जागी दिला की आपली जोखीम संपली. एन फाब्रिका मात्र नको, ऐकायला सोपं वाटतं, पण त्यात इथलं एक्स्पोर्ट क्लिअरन्स गिऱ्हाइकाकडे जातं आणि शिपिंग बिल तर आपल्याच आयईसीवर निघणार असतं.

मालाचं वर्णन. नुसतं तोआयास म्हणजे टॉवेल लिहून भागत नाही. इनव्हॉइसवर SA पुढे जो ६३०२.६० आहे, त्या कस्टमच्या कोडचं स्पॅनिश शीर्षक साधारण असं आहे की बाथरूम किंवा स्वयंपाकघरातलं कापड, टॉवेलसारखं फंदे असलेलं विणकाम, कापसाचं. त्यातले विणकामाचे आणि कापसाचे शब्द आपल्या ओळीत असले की एजंटला कोड लावायला विचारावं लागत नाही. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे त्यांचे ते लावतील, आपले आठ आकडे त्यांच्यावर लादू नका.

आणि नुएवास, सिन उसो, म्हणजे नवीन, न वापरलेले. हे शब्द विसरू नका. चिलीत जुने कपडे प्रचंड येतात, इकिकेच्या बंदरातून येणारे ढीग प्रसिद्ध आहेत, आणि वापरलेल्या मालावर ड्युटीच्या निम्मा जादा आकार लागतो. आपल्या मालाचा हिशोब करून बघा. एफओबी ११४००, समजा भाडं ९०० आणि विमा ६०, म्हणजे सीआयएफ १२३६०. त्यावर ६ टक्के देरेचोस (अर्थ हक्क असाही होतो, पण कस्टमच्या कागदावर ड्युटी), म्हणजे ७४१.६०. मग दोन्हींच्या बेरजेवर, १३१०१.६० वर, १९ टक्के इवा म्हणजे त्यांचा व्हॅट, २४८९.३० डॉलर. माल जुना धरला गेला तर ३७०.८० अजून, आणि त्यावर पुन्हा इवा. हे पैसे गिऱ्हाइक भरतो, पण पुढची ऑर्डर देताना तो हे विसरत नाही.

पाईस दे ओरिहेन म्हणजे माल जिथे बनला तो देश. दिनमध्ये आदकिसिसिओनचा देशही असतो, म्हणजे माल जिथून विकत घेतला तो. आपण थेट विकतोय तर दोन्ही भारत. दुबईच्या व्यापाऱ्याने मध्ये इनव्हॉइस बदललं तर ओरिहेन भारतच राहतो, आदकिसिसिओन बदलतो. भारत-चिली प्राधान्य करार २००७ पासून लागू आहे आणि २०१७ मध्ये वाढवला, त्यामुळे काही मालाला ड्युटीत सूट मिळते, पण सगळ्या नाही आणि सारखीही नाही. म्हणून भाव सांगायच्या आधी आपला कोड यादीत आहे का आणि किती टक्के सूट ते बघा, असेल तर सेर्तिफिकादो दे ओरिहेनसाठी डीजीएफटीच्या पोर्टलवर अर्ज करायचा. इनव्हॉइस नंबर, वजन, वर्णन त्यावर जसंच्या तसं उतरलं पाहिजे.

आता माझ्याकडून झालेली चूक सांगतो. शेवटच्या दिवशी दोन खोकी फुटली, माल बाकीच्यांत बसवला, पॅकिंग लिस्टवर ७८ केलं आणि बी एलचा ड्राफ्ट न वाचताच ओके म्हणून कळवून टाकला. तिकडे बी एलवर बुल्तोस म्हणजे नग ८०, पॅकिंग लिस्टवर ७८, म्हणजे दोन नग गायब. दुरुस्तीचं पत्र, तिची फी, आणि तेवढे दिवस गोडाउनचं भाडं, सगळं माझ्या अंगावर आलं.

तेव्हापासून ड्राफ्ट आला की जहाज सुटायच्या आधी पाच जागा बोट ठेवून वाचतो. कोन्सिग्नातारियो म्हणजे माल घेणारा, तिथे गिऱ्हाइकाचं नाव आणि त्याचा रूत नंबर, म्हणजे त्यांचा टॅक्स नंबर, शेवटच्या डॅशनंतरच्या आकड्यासकट (तिथे के हे अक्षरही असू शकतं, ती चूक नाही). नाव नसून नुसतं आ ला ओर्देन असेल तर मागे सही केलेला मूळ कागद ज्याच्या हातात तो माल उचलू शकतो, पैसे बाकी असताना तो कागद कुणाकडे जातोय ते आधी ठरवा. मग बुल्तोस, मग पेसो ब्रुतो म्हणजे पॅकिंगसकट वजन, मग पुएर्तो दे देस्कार्गा म्हणजे उतरवायचं बंदर, कारण सान आन्तोनियो आणि वाल्पाराइसो जवळजवळ असले तरी एक नाहीत. शेवटी फ्लेतेची ओळ. लाकडी पॅलेट असतील तर त्यावर निम्फ १५ चा, म्हणजे आपल्याकडच्या आयएसपीएम १५ चा शिक्का आहे का तेही त्याच दिवशी गोडाउनमध्ये जाऊन बघून फोटो काढून ठेवायचा.