दहा टक्के व्याजाने पैसे दुप्पट किती वर्षांत?

‘दहा टक्के व्याज म्हणजे पैसे दुप्पट व्हायला बरोबर 10 वर्षं.’

हा हिशेब सरळव्याजाचा आहे आणि व्याज दरवर्षी काढून घेतलं, तर तो अगदी बरोबर येतो. चक्रवाढीत मात्र व्याज मुद्दलात मिळतं आणि पुढच्या वर्षी त्यावरही व्याज लागतं.

10,000 ठेवले. वर्षाअखेरीस 1,000 व्याज, झाले 11,000. दुसऱ्या वर्षी व्याज 11,000 वर, म्हणजे 1,100, झाले 12,100. हे जादाचे 100 किरकोळ वाटतात, पण दरवर्षी फरक रुंदावतो. सातव्या वर्षाअखेर साधारण 19,487 होतात, आठव्या वर्षाअखेर 21,436. म्हणजे आठव्या वर्षातच दुप्पट! पडताळायचं तर कॅल्क्युलेटरवर 10,000 ला 1.1 ने आठदा गुणा. झटपट अंदाजासाठी 72 ला व्याजदराने भागा: 7.2 वर्षं. व्याजदर फार चढा असेल तर हा अंदाज थोडा चुकतो.

बँकेत हेच इंग्रजी शब्दांत विचारावं लागतं. मुद्दल म्हणजे प्रिन्सिपल, मुदत म्हणजे टेन्युअर, मुदतीअंती हाती येणारी रक्कम म्हणजे मॅच्युरिटी अमाउंट. व्याज किती महिन्यांनी मुद्दलात मिळतं, ते सांगते कंपाउंडिंग फ्रीक्वेन्सी. मुदतीआधी पैसे काढणं म्हणजे प्रीमॅच्युअर विड्रॉवल. त्यावर बहुधा व्याज कापलं जातं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची खूण फॉर्मवर असते: ‘क्युम्युलेटिव्ह’, म्हणजे व्याज मुद्दलातच मिळत राहणं, की ‘इंटरेस्ट पेआउट’. पेआउटवर टिक केली, तर व्याज खात्यात जमा होत राहतं, ठेव तेवढीच राहते आणि वरची चक्रवाढ लागूच होत नाही.