सेल्सिअसच्या थर्मामीटरवर उकळतं पाणी शून्य काहून होतं?

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 47 वर गेला की गावात दुसरा विषय नसतो. पण आंदेर्स सेल्सिअसच्या मूळ थर्मामीटरवर तोच आकडा 53 आला असता, आणि ऊन वाढलं तसा आकडा उतरला असता. 1742 मध्ये स्वीडनच्या उप्साला गावच्या या खगोलशास्त्रज्ञानं स्केल मांडलं त्यात पाणी उकळते तिथं शून्य होतं आणि बर्फ वितळते तिथं 100.

आता हे उलटं काहून, तर त्याच्याकडं डेलील नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या पद्धतीचा थर्मामीटर होता, अन् डेलील मोजायचा की उकळत्या पाण्यातून काढल्यावर पारा किती आकसला. आकसणं मोजायचं तर आकडा थंडीकडं वाढणारच ना. वरून स्वीडनच्या हिवाळ्यात मायनसची कटकटही नाही. म्हणजे येडेपणा नव्हता, तिथल्या हवेला सोयीचंच होतं.

सेल्सिअस 1744 मध्ये क्षयानं गेला, त्यानंतर थोड्याच वर्षांत उप्सालातच स्केल पलटवलं गेलं. श्रेय कोणी वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसला देते, कोणी सेल्सिअसच्या जागी आलेल्या खगोलशास्त्रज्ञ श्ट्रोमरला, आणि फ्रान्सात ल्यों शहरच्या क्रिस्तँनं तर 1743 मध्येच स्वतःहून सुलटं स्केल काढलं होतं. माझ्या मते हा वाद फुकटचा आहे, कारण आकडे कोणत्याही बाजूनं लिहा, खरी मेहनत दोन खुणा पक्क्या करण्यात होती.

खुणा कशा करायच्या, तर बिनआकड्याची पाऱ्याची नळी वितळत्या बर्फात ठेवायची. बर्फ वितळता पाहिजे, पाणी सुटलेला, कारण डीप फ्रीझरमधून आत्ताच काढलेली लादी शून्याच्याही खाली असते. पारा थांबला तिथं एक खूण. मग उकळत्या पाण्याच्या वाफेत धरायची आणि दुसरी खूण. समजा दोन्हींमध्ये 20 सेंटीमीटर अंतर आलं, तर 100 भाग पाडल्यावर एक डिग्री 2 मिलिमीटरची. पारा बर्फाच्या खुणेच्या 9 सेंटीमीटर वर असला की 45 डिग्री, उलट्या स्केलवर 55. नळीचं भोक मात्र वरून खालपर्यंत सारखं पाहिजे, नाहीतर मधले आकडे चुकतात.

सेल्सिअसनं तपासून पाहिलं की बर्फाची खूण हवेच्या दाबानं सरकत नाही, पण उकळण्याची सरकते, म्हणून कोणत्या दाबाला खूण करायची तेही त्यानं ठरवून दिलं. आपल्या चिखलदऱ्याचंच घ्या, उंची साधारण 1,100 मीटर, तिथं पाणी 96 च्या आसपासच उकळते. तिथं हीच नळी वाफेत धरून त्या खुणेला 100 लिहिलं तर अंतर 19.2 सेंटीमीटरच भरते, डिग्री 1.92 मिलिमीटरची होते, आणि तोच थर्मामीटर खाली अकोल्यात आणला की खऱ्या 45 ला जवळपास 47 दाखवते. बर्फात बुडवून तपासाल तर चूक दिसणारच नाही, तिथं तो बरोबर शून्य सांगते.