पश्चिमेची खिडकी, लहान बेडरूम: पडदा लावावा की रोलर ब्लाइंड?

मांजलपूर, कारेलीबाग, वाघोडिया रोड अशा भागांतल्या फ्लॅटमधून आम्हाला फोन येतात ते बहुतेक एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून. तक्रार एकच: बेडरूम पश्चिमेला, दुपारी तीननंतर आत बसवत नाही, "चांगला जाड पडदा" पाहिजे. जाड पडद्याने खोली काळोखी होईल, गार होईलच असं नाही. हे पत्रक त्याबद्दल आहे.

काचेतून ऊन सहज आत येतं. ते गडद पडद्यावर पडलं की पडदा तापतो, आणि तापलेल्या कापडातून निघणारी धग काचेतून तितक्या सहज बाहेर जात नाही. ती खोलीतच राहते. म्हणून मरून किंवा नेव्ही ब्लू पडदा कितीही जाड घेतला तरी साडेचार वाजता त्याला हात लावला की चटका जाणवतो. काचेकडची बाजू पांढरी असेल तर बरंचसं ऊन उजेडाच्याच रूपात परत बाहेर फेकलं जातं. खोलीकडून रंग तुमच्या आवडीचा ठेवा; पाठ मात्र पांढरी किंवा हस्तिदंती हवी. कापड निवडताना दुकानात ते उलटं करून बघा. आमच्याकडेही.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो ऊन काचेच्या बाहेरच अडवलं तर. बाल्कनी असेल तर आधी बांबूची चिक किंवा शेडनेट बांधा, आणि मग आमच्याकडे या. चिक आम्ही विकत नाही, पण खरं तेच आहे. वरच्या मजल्यावर नुसती खिडकी आणि ग्रिल असेल, तर आतून जे करता येतं ते पुढे दिलं आहे.

एक उदाहरण घेऊ. खोली १० बाय १०, खिडकी ४ फूट रुंद आणि ४ फूट उंच, जमिनीपासून ३ फुटांवर, अॅल्युमिनियमची सरकती. पलंग खिडकीला लागून, कारण दुसरीकडे जागाच नाही. मुलाची रात्रपाळी, म्हणजे तो दुपारी झोपणार. त्यामुळे धग आणि उजेड दोन्ही अडवायचे.

रोलर ब्लाइंड खिडकीच्या चौकटीच्या आत बसवला तर दिसायला नीटनेटका दिसतो. पण दोन्ही टोकांच्या ब्रॅकेटना आणि साखळीच्या चक्राला जागा लागते, त्यामुळे कापड एकूण मापापेक्षा इंच-सव्वा इंच अरुंद असतं. दोन्ही कडांना उन्हाच्या उभ्या पट्ट्या राहतात. ब्लॅकआउट कापड घेऊनही अंधार का होत नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच. म्हणून अशा खोलीत आम्ही ब्लाइंड चौकटीच्या बाहेर, भिंतीवर बसवायला सांगतो: दोन्ही बाजूंना ४ इंच जास्त, वर ६, खाली ४. म्हणजे ५६ बाय ५८ इंच, साधारण साडेबावीस चौरस फूट. दर चौरस फुटावर असतो, त्यामुळे हिशेब तुम्हालाही करता येईल.

आता कडांबद्दल थोडं खोलात, कारण इथेच फसगत होते. बडोद्यात मे-जूनमध्ये सूर्य थेट पश्चिमेला मावळत नाही, बराच उत्तरेकडे सरकलेला असतो. खिडकीकडे तोंड करून उभं राहिलं तर तो उजव्या हाताला असतो आणि किरण तिरके डावीकडे येतात. त्यामुळे उन्हाळ्यात उजेडाची पट्टी निघते ती ब्लाइंडच्या डाव्या कडेने. डाव्या बाजूला भिंत मोकळी असेल तर तिथे ४ऐवजी ६ इंच घ्या. डिसेंबरात उलट होतं, पण तेव्हा ते ऊन कुणाला नको असतं! इमारत थोडी तिरकी असेल तर हे बदलतं. मापाला आलो की मोबाइलच्या होकायंत्राने आम्ही दिशा बघतो.

आणखी एक: खिडकीच्या अर्ध्या भागात कूलर बसवला असेल तर अखंड ब्लाइंड खाली येणारच नाही. तिथे मोकळ्या अर्ध्या भागापुरता छोटा ब्लाइंड घ्यावा. कूलरसमोर कापडी पडदा लावूच नका, तो ओला होतो आणि वारा अडवतो.

पडदाच हवा असेल तर कापडात कंजूषी करू नका. त्याच खिडकीला ६४ इंचांचा रॉड धरा. पडद्याच्या कापडाचा पन्हा बहुधा ४८ इंच असतो. दोन पन्ह्यांत रॉड झाकला जातो, पण चुण्या विरळ पडतात. तीन पन्हे घ्या, दोन्ही बाजूंना दीड-दीड. रॉड खिडकीच्या ८ इंच वर लावला आणि पडदा जमिनीपर्यंत घेतला तर दुमडीसकट सुमारे ८ मीटर कापड लागतं. पण पलंग खिडकीला लागून असेल तर जमिनीपर्यंतचा पडदा गादीत अडकतो. तिथे तयार मिळणारा ५ फुटी पडदाही चालतो: याच रॉडवरून तो खिडकीच्या खाली ४ इंच उतरतो. आत पांढरं अस्तर मात्र वेगळं शिवून घ्या.

पडद्याच्या वरच्या फटीकडे सहसा कुणी बघत नाही. काच आणि कापड यांमधली हवा तापून वर चढते आणि तिथून खोलीत येते. वरून बंद असलेला पेलमेट लावला की ही वाट बरीच अडते. सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

या खोलीसाठी आमचं मत: पांढऱ्या पाठीचा ब्लॅकआउट रोलर, आणि वर साधा सुती पडदा, जो ब्लाइंडच्या कडा झाकेल. एकाचेच पैसे असतील तर रोलर. खोली दुपारी रिकामीच असेल तर ब्लॅकआउटवर खर्च करू नका, फिक्या रंगाचा साधा रोलर पुरे. 'सनस्क्रीन' नावाचं जाळीदार कापड मिळतं, त्यातून दिवसा बाहेरचं दिसतं. पण रात्री दिवा लावला की समोरच्या बिल्डिंगला आतलं दिसतं. बेडरूमला ते एकटं लावू नये.

ब्लाइंड ऊन खिडकीवर यायच्या आधी, दुपारी एकच्या सुमारास पाडा. चारला पाडून उपयोग कमी, तोवर गादी आणि फरशी तापलेली असते. सूर्य मावळल्यावर बाहेरची हवा उतरली की सगळं उघडा.

रात्री नऊलाही खोली भट्टी असेल तर पश्चिमेच्या भिंतीवर तळवा ठेवून बघा. भिंत गरम लागली तर दोष खिडकीचा नाही. दिवसभर तापलेली वीट रात्री उष्णता सोडते, आणि त्यावर कोणताही पडदा चालत नाही. तिथे बाहेरून पांढरा रंग किंवा सावली हाच उपाय.

घरात लहान मूल असेल तर साखळीबद्दल आधी सांगा. पलंगावर उभं राहून ती गळ्यात अडकू शकते. आम्ही साखळी ताणून भिंतीवरच्या क्लिपमध्ये पक्की करतो. ती क्लिप काढू नका.

ब्लॅकआउट कापड मशीनमध्ये धुऊ नका आणि लेप असलेल्या बाजूने इस्त्री फिरवू नका, लेप सुटतो आणि टाचणीएवढे उजेडाचे ठिपके दिसू लागतात. धूळ ओल्या फडक्याने पुसली की झालं.

माप घ्यायला बोलावण्याआधी खिडकीचा आतून एक फोटो पाठवा, ज्यात हँडल, ग्रिल आणि आजूबाजूची भिंत दिसेल. हँडल पुढे आलेलं असेल तर ब्लाइंड भिंतीपासून थोडा लांब बसवावा लागतो आणि कडेची फट वाढते. अशा वेळी रुंदी आधीच जास्त धरतो.